खळी पडलेले मोती

जूनचा दुसरा आठवडा. शाळा नुकत्याच सुरू झाल्या आहेत. रेनकोट दाराशी ठेवून आई आत येते आणि पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक बाजूला सारून काखेजवळची जागा दाखवते. "भिजवलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी आलंय बघा. आधी एकच होतं. घामोळं असेल म्हणून मी पावडर लावत राहिले. आता तीन झालेत. दुखत नाही, खाजतही नाही म्हणते. पण जातही नाहीये."

साबुदाण्याची उपमा मला इतकी आवडली, की तेव्हापासून मीही तीच वापरतो. दोन-तीन मिलिमीटरचा, गोल घुमटासारखा, कातडीच्याच रंगाचा पण जरा चमकणारा दाणा. बोटाखाली घट्ट लागतो. उजेड तिरपा पडला की मोत्यासारखी झाक दिसते आणि मधोमध अगदी बारीक खळगा, एखाद्याच्या हनुवटीवर खळी असावी तसा. मोलस्कम हा आजार ओळखायला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. रक्त तपासावं लागत नाही, तुकडा काढून पाठवावा लागत नाही.

या मुलीला आपण रेवा म्हणू. ती एकटी मुलगी नाही. माझ्या दवाखान्यात येऊन गेलेल्या कितीतरी मुलामुलींच्या नोंदी एकत्र करून मी ती घडवली आहे. पण तिच्या अंगावर जून ते मार्च जे जे घडलं, ते या आजारात नेहमी घडतं. त्यातली एक गोष्ट सगळ्या आईबापांना चुकवते: हे दाणे जेव्हा सर्वांत वाईट दिसतात, तेव्हा ते बहुधा बरे व्हायला लागलेले असतात.

भिंगाखालचा दाणा

माझ्याकडे दिवा लावलेलं एक छोटं भिंग असतं, डर्मास्कोप. रेवाच्या काखेजवळचा मोठा दाणा मी त्याखाली धरला आणि आईला म्हटलं, बघा. मधे पिवळसर पांढरे गोळे एकमेकांना चिकटून बसलेले, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे. भोवती केसाहून बारीक लाल रक्तवाहिन्यांचं कडं. त्या वाहिन्या मध्याकडे वाकतात, पण मध्य ओलांडून पलीकडे जात नाहीत. साध्या पुटकुळीत किंवा चामखिळीत असं चित्र दिसत नाही.

दाणा सुईने टोचून चिमट्याने दाबला, तर त्यातून पाणी येत नाही की पू येत नाही. बाहेर येतो तो दह्याच्या चक्क्यासारखा पांढरा, मेणचट कण. तो काचपट्टीवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की मोठमोठ्या अंडाकृती पिशव्या दिसतात. हेंडरसन आणि पॅटरसन या दोन डॉक्टरांनी १८४१ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. या पिशव्या म्हणजे आपल्याच कातडीच्या पेशी. मात्र आत विषाणू इतका ठासून भरलेला असतो, की पेशीचं केंद्रक कडेला दाबलं गेलेलं असतं. चिमूटभरही नसलेल्या त्या कणात विषाणूंची संख्या अफाट असते. पुढे संसर्गाचं जे काही सांगायचं आहे ते सगळं या कणाशी येऊन थांबतं.

देवीच्या घराण्यातला

"म्हणजे कांजिण्यांसारखं आहे का?" आईने विचारलं. कांजिण्यांशी याचं काही नातं नाही. नातं आहे ते देवीशी. रेवाच्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीची गोल खूण आहे. ज्या रोगासाठी ती लस टोचली, त्या रोगाचा विषाणू आणि रेवाच्या काखेतला विषाणू हे एकाच घराण्यातले, पॉक्सविषाणूंचे. या घराण्यातले बहुतेक विषाणू मूळचे जनावरांचे. केवळ माणसातच राहणारे दोन: एक देवीचा, दुसरा मोलस्कमचा. देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. दुसरा मात्र मुलांच्या अंगाखांद्यावर खुशाल नांदतो आहे.

नातं असलं तरी स्वभाव अगदी उलटा. देवीचा विषाणू रक्तात शिरून सगळं शरीर पेटवायचा. ताप, फोड, मृत्यू, आणि वाचलेल्यांच्या तोंडावर आयुष्यभराचे वण. मोलस्कमचा विषाणू रक्तात जातच नाही. कातडीचा जो अगदी वरचा, रक्तवाहिन्या नसलेला थर आहे, त्याच्या बाहेर तो पाऊल टाकत नाही. म्हणून ताप येत नाही, भूक मंदावत नाही, मूल हुंदडत राहतं. आजीची लस या आजारापासून वाचवू शकत नाही, आणि या आजारासाठी वेगळी लसही नाही.

हे घर तो कसं बांधतो ते पाहिलं, की खळीचं कोडं सुटतं. कातडीचा वरचा थर म्हणजे पेशींची चळत. खाली नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी मळ होऊन झडतात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. बारीकशा ओरखड्यातून विषाणू तळाच्या पेशींपर्यंत पोचतो. त्या पेशी मग नेहमीपेक्षा भराभर वाढतात, खालच्या बाजूला फुगून नासपतीसारखे कप्पे तयार करतात आणि त्यांच्या दाबाने कातडी वर उचलली जाते. हा झाला दाणा. कप्प्यांतल्या पेशी विषाणूने भरत भरत वर आणि मध्याकडे सरकतात, तिथे फुटतात आणि त्यांचा तो मेणचट कण बनतो. कण बाहेर पडण्याची ही मधली वाट म्हणजेच खळी. म्हणजे ज्याला आपण खळी म्हणतो, ते खरं तर या घराचं दार आहे.

यात एक चांगली गोष्ट आहे. कप्पे खाली कितीही फुगले, तरी वरचा थर आणि त्याखालची खरी कातडी यांच्यामधला पातळ पडदा शाबूत राहतो. म्हणून दाणा आपणहून गेला, तर सहसा वण राहत नाही. आणि एक वाईट गोष्ट अशी, की त्या पडद्यामुळेच शरीराच्या रखवालदारांना आत काय चाललं आहे याचा पत्ता लागत नाही. शिवाय विषाणू स्वतःही गप्प बसत नाही. शरीराच्या पेशी एकमेकींना धोक्याचे निरोप पाठवतात, ते मधल्या मधे अडवणारी प्रथिनं तो तयार करतो. पहारा देणाऱ्या पेशीही दाण्याच्या जागी कमी झालेल्या आढळतात. म्हणूनच रेवाचे ते तीन दाणे ना लाल होते, ना दुखरे. शरीराला अजून खबरच लागली नव्हती.

आला कुठून?

"शाळेतून आलं असणार," आजी ठामपणे म्हणाली. मी तारखा विचारल्या. एप्रिलच्या मध्यापासून महिनाभर रेवा पोहण्याच्या शिबिराला जात होती. पहिला दाणा आईला दिसला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. विषाणू कातडीत शिरल्यापासून दाणा दिसेपर्यंत साधारण दोन ते सात आठवडे जातात, क्वचित सहा महिनेही. शाळा तर जूनमध्ये उघडली. तेव्हा संशयाची सुई शिबिराकडे वळते. अर्थात ही सुईच, पुरावा नव्हे. इतक्या लांबच्या मुदतीमुळे 'अमक्याच्या मुलाकडून आलं' असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही, आणि कुणी सांगू नये.

पोहण्याचं नाव निघालं की पालक पाण्याला दोष देतात. पाण्यात विरघळून हा विषाणू पसरत असेल, यापेक्षा पाण्याभोवतीच्या वस्तू जास्त संशयित आहेत: पाय मारायला शिकताना हातात धरतात तो फोमचा तरंगता फळा, एकमेकांचे टॉवेल, आणि ओल्या अंगाने एकमेकांना घासून चाललेली दंगामस्ती. ओली कातडी मऊ पडते, सहज खरचटते. एका मुलाच्या दाण्यातला कण फळ्यावर पुसला गेला आणि दुसऱ्याची मऊ पडलेली काख त्यावर घासली, एवढं पुरतं.

घरात हेच काम टॉवेल करतो. रेवाच्या घरी आंघोळ झाली की आई आधी तिला आणि मग त्याच टॉवेलने तीन वर्षांच्या धाकट्या भावाला पुसायची. आंघोळीला एकच घासणी दोघांना. ऑगस्टमध्ये त्याच्या पोटावर दोन दाणे उगवले. ब्रिटनमधल्या मुलांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या घरांत एका मुलाला मोलस्कम होता, त्यांतल्या ४१ टक्के घरांत दुसऱ्याही मुलाला तो झाला. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांत तो दुसऱ्यापर्यंत पोचलाच नाही, हेही त्या आकड्यात आहे. हा आजार चिकट आहे, पण कांजिण्यांइतका झपाट्याने पसरणारा नाही. हवेतून तो येत नाही. खोकल्यातून येत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याची, मुलाला वेगळ्या खोलीत झोपवण्याची काही गरज नाही.

गरज आहे ती एवढीच: टॉवेल आणि घासणी प्रत्येकाची वेगळी. दाणे असलेल्या मुलाच्या अंगावर घासणी, वजरी, खरखरीत उटणं काहीच चालवायचं नाही, तळहाताने साबण लावायचा. नखं कापलेली. उघड्या जागचे दाणे शक्यतो कपड्याने झाकलेले. पोहायला जायचं तर ते पाण्यात न सुटणाऱ्या पट्टीने झाकायचे किंवा अंगभर पोहण्याचा पोशाख घालायचा, आणि फळा-टॉवेल स्वतःचे न्यायचे. शाळा बुडवायची नाही. रेवाच्या शाळेतून 'पूर्ण बरी झाल्यावरच पाठवा' असा निरोप आला होता. मी चिठ्ठी लिहून दिली. जो आजार वर्षभरही राहू शकतो, त्यासाठी मूल घरी बसवून ठेवणं म्हणजे इयत्ता बुडवणं.

तीनाचे एकोणीस

ऑगस्टमध्ये रेवा पुन्हा आली तेव्हा दाणे ११ होते. गणपतीत १९ झाले. आईने कॅलेंडरवरच आकडे लिहून ठेवले होते. "डॉक्टर, हे वाढतच चाललंय हो. आतून काही बिघडलंय का हिचं?"

आतून काही बिघडलं नव्हतं. बिघाड बाहेर होता, आणि तो दिसतही होता. रेवाची कातडी लहानपणापासून कोरडी. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीत तिला अधूनमधून इसब उठायचं. इसब असलेल्या कातडीत बारीक भेगा असतात आणि खाज असते. एक विषाणूला आत घेते, दुसरी त्याला पुढे नेते. त्यात आणखी एक भर पडली होती. काही दाण्यांभोवती रुपयाएवढं लालसर, खरखरीत, खाजरं कडं उमटलं होतं. दाण्याभोवती असं इसब उठणं अगदी नेहमीचं. दाणा स्वतः खाजत नाही, पण भोवतालचं हे कडं खाजतं. मूल खाजवतं, नखाखाली कण येतो, आणि नख पुढे जिथे ओरखडा काढेल तिथे पेरणी होते.

रेवाच्या बरगडीवर हे पाठ्यपुस्तकातल्यासारखं दिसत होतं. पाच दाणे एका सरळ रेषेत, ओळीत लावलेल्या रोपांसारखे. ती रेष म्हणजे तिच्या स्वतःच्याच नखाची वाट. जुलैत ओरखडा, सप्टेंबरमध्ये पीक.

म्हणून त्या दिवशी मी दाण्यांना औषध दिलंच नाही, कातडीला दिलं. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. अंग टिपून घेतल्यावर तीन मिनिटांच्या आत भरपूर मलम, साधंच, सुगंध नसलेलं. खाजऱ्या कड्यांवर सौम्य स्टेरॉइडचं मलम, पण ते दाण्यावर न लावता भोवतीने, ठरावीक दिवसच. इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. औषधाच्या दुकानात 'खाजेवर द्या' म्हटलं की हातात पडतात ती स्टेरॉइड, बुरशीविरोधी आणि प्रतिजैविक अशी तिन्ही औषधं एकत्र केलेली मलमं. त्यातलं स्टेरॉइड बरेचदा कडक असतं. लालसरपणा दोन दिवसांत पळतो, आई खूश होते, आणि कातडीचा उरलासुरला पहाराही झोपी जातो. मग दाणे आणखी फोफावतात. सौम्य मलम मोजून लावणं आणि कडक मलम दिसेल तिथे चोपडणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दिवाळीतला घोटाळा

वसुबारसेच्या संध्याकाळी आईने फोटो पाठवला. काखेजवळचे आणि बरगडीवरचे सहा-सात दाणे लालबुंद झाले होते, सुजले होते, दोघांच्या टोकावर पिवळट खपली. दिवाळीची सुट्टी, माझा दवाखाना बंद. जवळच्या डॉक्टरांनी 'पू झालाय' म्हणून प्रतिजैविकाचं पातळ औषध पाच दिवसांचं लिहून दिलं होतं. आईने फक्त एवढंच विचारलं होतं, "सुरू करू ना?"

मी तीन गोष्टी विचारल्या. ताप आहे का? नाही. दाण्याला हात लावला तर रेवा ओरडते का? नाही, थोडं हुळहुळतं म्हणते. लाली दाण्यापुरतीच आहे, की रोज भोवती पसरत चालली आहे? दाण्यापुरतीच. आणि रेवा काय करते आहे? किल्ला.

यावरून मी औषध थांबवायला सांगितलं. कारण हे दुखणं वाढल्याचं नव्हे, संपत आल्याचं चिन्ह होतं. महिनोन्‌महिने पडद्याआड चाललेला कारभार शरीराला कधीतरी कळतो. बहुधा दाण्याची भिंत कुठेतरी फुटते, आतला माल खालच्या कातडीत झिरपतो, आणि तिथे रक्त आहे, रखवालदार आहेत. ते धावून येतात. लाली, सूज, खपली ही त्यांच्या कामाची धूळ. त्वचारोगाच्या डॉक्टरांमध्ये या चिन्हाला 'शेवटाची सुरुवात' असंच नाव रूढ आहे. एकदा ओळख पटली की शरीर दुसऱ्या दाण्यांकडेही वळतं, म्हणून कधी कधी एकाच आठवड्यात अर्धे दाणे पेटून उठल्यासारखे दिसतात. काही मुलांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर याच वेळी बारीक लाल खाजरं पुरळही उठतं. त्यात विषाणू नसतो, तेही त्याच लढाईचे पडसाद. आईबाप मात्र 'आता सगळ्या अंगावर पसरलं' म्हणून हादरतात.

पण प्रत्येक लाल दाणा शुभशकुन नसतो. खाजवून खाजवून एखाद्यात खरोखरच जंतू शिरतात. तेव्हा गोष्ट वेगळी दिसते: बहुधा एखादाच दाणा, तो ठणकतो, हात लावू देत नाही, भोवतीची कातडी गरम लागते, लाली दाण्याच्या हद्दीबाहेर रोज वाढते, पू वाहतो, कधी ताप येतो. अशा वेळी प्रतिजैविक लागतंच, आणि उशीर करू नये. घरी करायचा एक सोपा उपाय म्हणजे लालीच्या कडेने पेनने रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या पलीकडे गेली असेल तर दवाखाना गाठायचा. रेवाच्या आईने रेघ ओढली. लाली रेघेच्या आतच राहिली आणि भाऊबीजेला फिकी पडली होती.

काढून का टाकत नाही?

हा प्रश्न मला रोज येतो, आणि तो रास्त आहे. दाणे काढता येतात. कातडी बधिर करणारं मलम लावून, वर प्लास्टिकचा कागद चिकटवून तासभर थांबायचं आणि छोट्या वाटीसारख्या धारदार हत्याराने दाणा खरवडायचा, किंवा सुईने टोचून कण काढून टाकायचा. तीन-चार दाणे असतील, मूल समजूतदार असेल, तर हे काम दहा मिनिटांचं. पण २० दाणे आणि पाच वर्षांचं मूल असेल, तर एका मुलाला धरायला तीन माणसं लागतात आणि पुढची दहा वर्षं ते मूल पांढरा कोट पाहिला की रडतं. बधिर करणारं मलमही लहान मुलांत, त्यातून इसब असलेल्या कातडीवर, वाटेल तेवढं लावता येत नाही. ते अंगात शोषलं जातं आणि त्याचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात. शिवाय आज दिसतात तेवढे काढले, तरी गेल्या महिन्यात पेरलेले अजून उगवायचेच असतात. महिनाभराने आई परत येते आणि म्हणते, 'तुम्ही काढलेत, तरी आले.'

लावायची औषधंही आहेत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाच किंवा दहा टक्क्यांचं द्रावण आपल्याकडे बरंच वापरलं जातं. काडीच्या टोकाने फक्त दाण्यावर थेंब ठेवायचा, दाणा लाल झाला की थांबायचं. चुरचुरतं, आणि निष्काळजीपणे लावलं तर भाजतं. अमेरिकेत या आजारासाठी दोन औषधांना अलीकडेच मान्यता मिळाली. २०२३ मध्ये एका किड्यापासून मूळ मिळालेल्या, फोड आणणाऱ्या कँथरिडिनला, आणि २०२४ मध्ये नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या जेलला. त्याआधी २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले होते. अमुक एक उपाय नक्की सरस, असं ठामपणे म्हणता येण्याजोगं त्यांत काही सापडलं नाही. जी गोष्ट आपणहून जाणारच आहे, तिच्यावरच्या औषधाची किंमत म्हणून ठणका आणि वण किती स्वीकारायचे, हा खरा हिशोब आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर जरासं भाजलं तरी काळा किंवा पांढरा डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणून तो हिशोब आपल्यासाठी आणखी काटेकोर.

किती दिवस थांबायचं? एकेक दाणा साधारण दोन-तीन महिने टिकतो, पण एक जाईतो दुसरा येत असल्याने आजार लांबतो. मघाशी सांगितलेल्या ब्रिटनच्या पाहणीत पूर्ण बरं व्हायला सरासरी १३ महिने लागले. दीड वर्षानंतरही ३० टक्के मुलांच्या अंगावर दाणे होते, दोन वर्षांनंतर १३ टक्के मुलांच्या. हे आकडे मी आईला पहिल्याच दिवशी सांगतो. 'पंधरा दिवसांत जाईल' असं सांगितलं तर ती सोळाव्या दिवशी दुसरा उपाय शोधायला निघते. आणि तो उपाय बहुतेकदा पानाच्या डब्यातला चुना असतो. चामखिळीवर लावतात तसा चुना आणि सोडा दाण्यावर लावून आलेली मुलं मी पाहिली आहेत. दाणा जळतो, पण त्याखालचा तो शाबूत पडदाही जळतो. मोलस्कमचा वण राहत नाही, चुन्याचा राहतो.

मात्र काही दाण्यांच्या बाबतीत वाट पाहू नये. पापणीच्या कडेवर एक जरी दाणा असला, तरी त्यातला माल डोळ्यात गळत राहतो आणि डोळा सतत लाल, चिकट होतो. डोळ्यांत थेंब घालून हे थांबत नाही, दाणाच काढावा लागतो. शेकड्याने दाणे, किंवा सेंटिमीटरहून मोठे दाणे असतील, तर प्रतिकारशक्ती तपासावी लागते. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर एकाएकी भरपूर दाणे आले, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला सांगतो. मोठ्यांमध्ये हा आजार शरीरसंबंधातूनही पसरतो. लहान मुलांच्या जांघेत, गुप्तांगाजवळ दाणे दिसले तर ते बहुतेकदा त्यांच्याच हातांनी आलेले असतात. तरीही मुलाला डॉक्टरांना दाखवावं, आणि डॉक्टरांनीही शांतपणे, सगळ्या बाजूंनी विचार करावा. आणि खळी असलेले फोड तापासोबत, दुखरे, गाठी सुजवत आले, तर तो मोलस्कम नव्हेच.

संक्रांत ते होळी

दिवाळीनंतर रेवाच्या कॅलेंडरवरचे आकडे उतरू लागले. १९ चे १२, संक्रांतीला ४. मार्चमध्ये, होळीच्या आठवड्यात आईने रकान्यात शून्य लिहिलं आणि खात्री करायला मला दाखवायला आणलं. बरगडीवरच्या त्या सरळ रेषेच्या जागी पाच फिकट ठिपके होते. हात फिरवला तर कातडी सपाट, गुळगुळीत. हे ठिपकेही काही महिन्यांत भोवतालच्या रंगात मिसळून जातात. एखादा दाणा फार खोल खाजवला गेला असेल तर तिथे टाचणीच्या डोक्याएवढा खळगा उरतो. रेवाच्या काखेजवळ असा एक आहे.

पुन्हा होणार नाही याची हमी मी दिली नाही. गोवर-कांजिण्यांसारखी आयुष्यभराची पक्की ओळख शरीर या विषाणूबाबत ठेवतंच असं नाही. टॉवेल वेगळेच ठेवा, म्हटलं.

धाकटा त्याच दिवशी सोबत आला होता. आईने त्याचा सदरा वर केला. पोटावर सात दाणे, त्यातले तीन लालभडक, एकावर खपली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हे परवापासून लाल झालेत. ताप नाही, ठणकत नाही, रेघ ओढून पाहिली, बाहेर गेलेलं नाही." मग सदरा खाली ओढत पुढे म्हणाली, "म्हणून औषधाला नाही आणलं. हिच्याबरोबर आला, एवढंच."